गाडी स्वतःहून ब्रेक कधी लावते? `Late` सेटिंगच्या बाबतीत या चुका टाळा

अंधेरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी गाड्यांचे कॅमेरे आणि रडार कॅलिब्रेट करतो, तिथे पावसाळा सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : "साहेब, सेटिंग लेटवर होते, म्हणून ब्रेक उशिरा लागले." हे वाक्य आता इतक्यांदा ऐकले आहे की ग्राहक खुर्चीवर बसण्याआधीच मी मान हलवू लागतो. `Warning Timing` या नावाखाली मेनूमध्ये `Early`, `Normal` आणि `Late` असे जे पर्याय असतात, ते बहुतेक गाड्यांत फक्त समोरच्या संभाव्य धडकेच्या इशाऱ्याची वेळ पुढेमागे करतात. गाडीने स्वतःहून आपत्कालीन ब्रेक लावण्याचा क्षण त्यांच्यामुळे सहसा हलत नाही. तुमच्या गाडीत नेमके काय होते, हे मालकासाठीच्या पुस्तिकेत दोन ओळींत लिहिलेले असते. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघतच नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. गेल्या जुलैत एक गृहस्थ पुढचा भाग चेपलेली गाडी घेऊन आले. पश्चिम द्रुतगती मार्गावर, गोरेगावच्या आसपास, मधल्या लेनमध्ये एक टेम्पो बंद पडून उभा होता, पाऊस जोरात होता, आणि यांचा वेग ताशी ६० किलोमीटर होता. सेटिंग `Late` वर ठेवले होते, कारण रिक्षा आडवी आली की होणारी पिंपिं त्यांना नकोशी झाली होती. गाडीने आपल्याला दगा दिला, हा त्यांचा ठाम आरोप होता. डॅशकॅमच्या चित्रफितीत इशाऱ्याचा आवाजही स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे मी ती एकेक फ्रेम करून पाहिली. आवाज येऊन साधारण ०.८ सेकंदांनी गाडीचे नाक खाली गेले, म्हणजे ब्रेक लागले, आणि त्यानंतर सव्वा सेकंदाने धडक बसली.

आता हिशेब पाहा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. वेग तसाच राहिला असता तर धडकेला १.८ सेकंद उरले असताना इशारा झाला, म्हणजे टेम्पो ३० मीटरवर होता. त्याच हिशेबाने धडकेला एक सेकंद उरला असताना गाडीने स्वतः ब्रेक लावले, तेव्हा अंतर उरले होते १६.७ मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक सेकंदाला ८ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतात, आणि तसे असते तर टेम्पोला लागताना वेग ताशी १२ च्या आसपास राहिला असता. ओल्या डांबरावर तोच दर ५ धरला, तर उरलेला वेग ताशी ३८ येतो. चित्रफितीतला काळ या दुसऱ्या हिशेबाशी जुळत होता. म्हणजे यंत्रणेने आपले काम केले होते; कमी पडली ती रस्त्याची पकड, आणि पुढचा रस्ता किती निसरडा आहे हे कॅमेऱ्याला किंवा रडारला नेमके कळत नाही.

मग `Late` चा दोष काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाचा सुमारे एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी १६.७ मीटर पुढे जाते. इशारा ३० मीटरवर झाला, तर हातात उरतात १३ मीटर आणि ओल्या रस्त्यावर थांबायला लागतात जवळपास २८. तोच इशारा धडकेला तीन सेकंद उरले असताना, म्हणजे ५० मीटरवर झाला असता, तर सुमारे ३३ मीटर उरले असते आणि गाडी टेम्पोच्या पाच मीटर अलीकडे थांबली असती. `Late` ने ब्रेक उशिरा लावले नाहीत; त्याने त्या गृहस्थांचा स्वतःचा पाय हिशेबातून काढून टाकला. हे आकडे प्रत्येक मॉडेलमध्ये थोडे निराळे असतात आणि ब्रेकचा दाब तयार व्हायला लागणारा क्षण मी धरलेला नाही, परंतु प्रमाण हेच राहते.

यंत्रणा शेवटच्या सेकंदापर्यंत थांबते ती आळसाने नव्हे. चालकाला बाजूने निघून जाणे अजून शक्य असेल, तर ती सहसा जोराचे ब्रेक मारत नाही, कारण विनाकारण ब्रेक लागले तर मागचा डंपर तुमच्यावर येतो. ताशी १०० च्या वेगाला धडक टाळायची, तर कोरड्या रस्त्यावरही ब्रेक धडकेच्या १.७ सेकंद आधी लागायला हवेत. वळून सुटणे मात्र त्यानंतरही जमू शकते. म्हणूनच द्रुतगती मार्गावर यंत्रणेने धडक टाळावी अशी अपेक्षा धरू नये. ती धडकेचा जोर कमी करते, इतकेच. याच कारणाने, इशारा झाल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटक्याने फिरवले, तर अनेक गाड्या चालक सावध आहे असे समजून माघार घेतात. इशारा झाला की पाय ब्रेकवरच गेला पाहिजे, आणि पूर्ण जोराने.

दुसरी आवडती चूक म्हणजे इशारा अंतरावरून ठरतो असे मानणे. तो धडकेला उरलेल्या वेळेवरून ठरतो : समोरच्या गाडीपर्यंतचे अंतर भागिले तुम्ही तिच्याकडे ज्या वेगाने सरकत आहात तो वेग. सी लिंकवर पुढची गाडी ताशी ५० ने जात आहे, तुम्हीही ५० ने, आणि मध्ये फक्त आठ मीटर आहेत. सरकण्याचा वेग शून्य, म्हणून धडकेचा इशारा नाही. नवशिके याला "गाडीला चालते आहे" असे समजतात. पुढच्याने करकचून ब्रेक लावले, की यंत्रणेचा निर्णय होऊन ब्रेक पकडेपर्यंत पाऊण सेकंद सहज जातो आणि त्या वेगाने तेवढ्यात तुम्ही दहा मीटरांहून अधिक पुढे गेलेले असता. आठ मीटरांत ते बसत नाही, आणि `Early` ठेवूनही बसत नाही. आठ मीटरांचे वीस करणे हा एकच उपाय आहे, आणि मध्ये कोणी घुसेल ही तक्रार मी ऐकून घेत नाही. घुसू द्या.

माझी स्वतःची सवय अशी : शहरात `Normal`, पावसाळ्याचे चार महिने आणि पुण्याला जाताना `Early`. `Late` मी कधीच ठेवत नाही. आवाज फार होत असेल, तर आधी मेनूत आवाजाची पातळी कमी करता येते का ते पाहावे. रिक्षावाल्यांवर वैतागून `Warning Only` निवडणारे मला सर्वांत अधीर वाटतात, कारण त्या पर्यायात ब्रेक लागतच नाहीत. आणि महिन्याभराने आपण ते निवडले होते हे त्यांना आठवतही नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात. पुठ्ठ्याचा खोका किंवा मित्र समोर उभा करून चाचणी घेऊ नये. काच बदलली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन केल्याशिवाय वर्कशॉपमधून निघू नये, मग काचवाला "तसेच चालते" असे कितीही म्हणो. फास्टॅग कॅमेऱ्याच्या समोर चिकटवू नये. आणि दसऱ्याला पुढच्या जाळीवर झेंडूचा हार घातला असेल, तर पूजा आटोपल्यावर तो काढावा आणि लिंबू-मिरचीही रडारच्या झाकणापासून बाजूला बांधावी. गेल्या वर्षी `Radar Blocked` असा संदेश येतो म्हणून आलेल्या एका गाडीवर माझे सगळे काम म्हणजे कात्रीने एक दोरा कापणे, एवढेच होते.