डोनटचे घनफळ: आधी वॉशर रचा, मग एका ओळीत पडताळा

डोनटच्या घनफळाचे सूत्र पाठ असलेली मुले मला दरवर्षी भेटतात. त्या सूत्रातला R कुठून कुठपर्यंत मोजायचा असे विचारले की त्यातली निम्मी गप्प होतात. म्हणून सूत्र बाजूला ठेवू आणि एक ठरावीक कडे घेऊ. (a + b)² चा विस्तार येतो आणि इंटिग्रल म्हणजे बारीक कापांची बेरीज हे माहीत आहे, एवढे मी धरून चालतो.

कडे भरीव रबराचे आहे. बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत १४ सेंमी, मधल्या भोकाचा व्यास ६ सेंमी. केकच्या फोडीसारखे मध्याकडे कुठेही उभे कापले तरी काप पूर्ण गोल निघतो.

दोन आकडे काढा. r म्हणजे कड्याच्या जाडीची त्रिज्या. R म्हणजे भोकाच्या मधोमध असलेल्या अक्षापासून त्या जाडीच्या मध्यापर्यंतचे अंतर. भोकाची त्रिज्या म्हणजे R नव्हे आणि बाहेरची त्रिज्या म्हणजेही नव्हे. R या दोघींच्या बरोबर मध्ये येतो.

R = (१४ + ६) ÷ ४ = ५
r = (१४ − ६) ÷ ४ = २

भागाकार चारने आहे, दोनने नाही. एकदा व्यासाची त्रिज्या करण्यासाठी दोनने भागायचे आणि एकदा R मध्ये सरासरीसाठी, r मध्ये जाडी निम्मी करण्यासाठी. विश्वास बसत नसेल तर ५ + २ = ७ ही बाहेरची त्रिज्या आणि ५ − २ = ३ ही भोकाची त्रिज्या जुळते का ते पाहा.

आकृती काढा. y-अक्ष उभा ठेवा. (५, ०) या बिंदूभोवती २ त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचे समीकरण (x − ५)² + y² = ४. हे वर्तुळ y-अक्षाभोवती पूर्ण फिरवले की आपले कडे तयार होते.

आडवे कापा. कडे टेबलावर पालथे ठेवलेले आहे आणि सुरी टेबलाला समांतर चालते आहे, असा काप हवा. प्रत्येक काप म्हणजे मधे भोक असलेली चपटी चकती, नट-बोल्टाखाली घालतात तसला वॉशर. काप अक्षाला काटकोनात असला तरच वॉशर मिळतो. अक्षाला समांतर उभे पातळ थर घेतलेत तर नळकांडी मिळतात. तीही पद्धत बरोबर आहे, पण वेगळी आहे. दोन्हींची मांडणी एकाच ओळीत मिसळून नंतर dx की dy असा घोळ घालणाऱ्या वह्या मी पुष्कळ तपासल्या आहेत.

y उंचीवरच्या कापासाठी वर्तुळाच्या समीकरणातून x काढला की दोन उत्तरे येतात:

x = ५ ± √(४ − y²)

त्या वर्गमुळाला s म्हणू, नाहीतर पुढच्या ओळी वाचवत नाहीत. वॉशरची बाहेरची त्रिज्या ५ + s, आतली ५ − s. सगळ्यात वर, y = २ असताना, s शून्य होतो आणि वॉशर नुसती रेघ उरतो. मधोमध, y = ० असताना, s = २, म्हणजे त्रिज्या ७ आणि ३. कड्याकडे पाहून हे पटते का ते बघा आणि मगच पुढे जा.

वॉशरचे क्षेत्रफळ. इथे मी स्वतः आपटलो होतो, म्हणून थोडा वेळ थांबतो.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी असा विचार केला: वॉशरची रुंदी म्हणजे बाहेरची त्रिज्या वजा आतली, म्हणजे २s. वर्तुळाचे क्षेत्रफळ π गुणिले त्रिज्येचा वर्ग. मग इथे π(२s)². कागदावर ते इतके नीटस दिसत होते की मला शंकाच आली नाही. पुढचे इंटिग्रल सोपे निघाले, उत्तर १२८π/३ आले, म्हणजे सुमारे १३४ घन सेंमी. खरे उत्तर याच्या जवळजवळ तिप्पट आहे. पेपरावर त्या ओळीखाली नुसती लाल रेघ होती. ती का, हे कुणी सांगितले नाही आणि मला कळायला दोन दिवस लागले.

चूक अशी. वॉशर म्हणजे मोठ्या चकतीतून लहान चकती काढून टाकली की जे उरते ते. म्हणजे दोन क्षेत्रफळांची वजाबाकी. आधी वर्ग, मग वजाबाकी. मी आधी वजाबाकी केली आणि मग वर्ग, म्हणजे २s त्रिज्येच्या एका भरीव चकतीचे क्षेत्रफळ काढले, जी या कड्यात कुठेच नाही. मधल्या कापाचे आकडे घालून पाहा: ४९ − ९ = ४० आणि (७ − ३)² = १६. π दोन्हीकडे सारखाच, तरी फरक केवढा.

ही चूक ओळखायची खूण उत्तरातच असते. चुकीच्या मांडणीत ५ हा आकडा वजाबाकीतच उडून जातो आणि पुढे कुठेच दिसत नाही. म्हणजे भोक ६ सेंमीचे असो की ६० सेंमीचे, जाडी तीच असेल तर घनफळ तेवढेच येणार! हातातली बांगडी आणि तेवढ्याच जाडीचे बैलगाडीच्या चाकाएवढे कडे सारख्याच रबरात होत नाही. उत्तरातून R गायब झाला असेल तर मागे वळा.

आता बरोबर मांडणी:

π[(५ + s)² − (५ − s)²]

विस्तार करा. २५ जातो, s² जातो, उरते १० s अधिक १० s:

क्षेत्रफळ = २०πs = २०π√(४ − y²)

s² उडाला ही ओळ तीनदा तपासा. तो शिल्लक राहिला असेल तर दुसऱ्या कंसाच्या बाहेरचे वजा चिन्ह तुम्ही फक्त पहिल्या पदाला लावले आहे.

बेरीज करा. y हा −२ पासून २ पर्यंत जातो:

घनफळ = २०π ∫ √(४ − y²) dy

इथे y = २ sin θ घालून दीड पान भरायला सांगणाऱ्या नोट्स सर्रास मिळतात. तसे करू नका. √(४ − y²) हा २ त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचा आलेख आहे. त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या ४π चा अर्धा भाग, २π. म्हणून

घनफळ = २०π × २π = ४०π² ≈ ३९४.८ घन सेंमी

उत्तर २०π² आले असेल तर तुम्ही ० ते २ एवढेच घेतलेत आणि खालचा अर्धा भाग विसरलात.

आता आडवाटेने पडताळा. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो: सपाट आकृती अक्षाभोवती पूर्ण फिरवली तर घनफळ म्हणजे आकृतीचे क्षेत्रफळ गुणिले तिच्या सेंट्रॉइडने चाललेले अंतर. सेंट्रॉइड म्हणजे तो आकार पुठ्ठ्यातून कापून टाचणीवर तोलला तर जिथे तोलेल तो बिंदू. वर्तुळाचा सेंट्रॉइड त्याच्या केंद्रावरच असतो. आपल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ४π, केंद्र अक्षापासून ५ वर, एका फेऱ्यात ते २π × ५ = १०π चालते.

४π × १०π = ४०π²

जुळले. हे का चालते, ते केप्लरच्या युक्तीने चटकन दिसते. दारूच्या पिंपांची घनफळे मोजण्याच्या खटपटीत असताना, १६१५ साली, त्याने असे कडे उभ्या पातळ फोडींत कापून पाहिले. प्रत्येक फोड भोकाकडे पातळ आणि बाहेर जाड असते. आत जेवढे कमी पडते तेवढेच बाहेर जास्त असते, म्हणून मधल्या जाडीने हिशेब केला तरी चालतो. सगळ्या फोडींच्या मधल्या जाड्या एकामागे एक लावल्या की २πR एवढा लांब सरळ दंडगोल तयार होतो.

पण थांबा. वॉशरच्या हिशेबात ५ होता आणि इथेही ५ च आहे. मग ही पडताळणी कितपत स्वतंत्र? बीजगणितातली चूक ती नक्की पकडते. माझे १२८π/३ तिच्यापुढे क्षणभरही टिकले नसते. पण R मोजताना चुकला असाल तर दोन्ही उत्तरे चुकतील आणि एकमेकांशी छान जुळतीलही.

शिवाय मी मुलांना आणखी एक हिशेब करायला लावतो, जिथे सेंट्रॉइड आयता मिळत नाही. वर्तुळाचा फक्त बाहेरचा अर्धा भाग घ्या, x = ५ च्या पलीकडचा. वॉशरची आतली त्रिज्या आता सगळीकडे ५ आहे:

π[(५ + s)² − २५] = π(१०s + s²)

यावेळी s² उडत नाही. s चे इंटिग्रल वर आलेच, २π. s² म्हणजे ४ − y², त्याचे ३२/३. एकूण २०π² + ३२π/३, म्हणजे सुमारे २३०.९.

पॅपसच्या बाजूने पाहू. अर्धवर्तुळाचा सेंट्रॉइड त्याच्या सपाट कडेपासून ४r/३π वर असतो, इथे ८/३π, म्हणजे ०.८४९. अक्षापासूनचे अंतर ५.८४९, क्षेत्रफळ २π. २π × २π × ५.८४९ ≈ २३०.९. भोकाकडच्या अर्ध्या भागाचे घनफळ उरते १६३.९. दोन्ही भागांची जाडी तीच, पण बाहेरच्या अर्ध्यात कितीतरी जास्त रबर आहे.

नियमाला एक अट आहे, ती पाळा: आकृती अक्षाला ओलांडून पलीकडे जाता कामा नये. R हा r पेक्षा लहान घेतलात तर वर्तुळाचा काही भाग अक्षापलीकडे जातो, फिरताना तीच जागा दोनदा व्यापतो, आणि ४०π² च्या धर्तीचे उत्तर खऱ्या घनफळाशी जुळत नाही. R = r असताना भोक मिटते, अक्षाला नुसता स्पर्श होतो, तेवढे चालते.

मोजमाप तपासायचे असेल तर कागद सोडा. काठोकाठ भरलेल्या बादलीत कडे पूर्ण बुडवा आणि सांडलेले पाणी मोजपात्रात घ्या. एक घन सेंमी म्हणजे एक मिली, म्हणजे ३९५ मिलीच्या आसपास पाणी यायला हवे. कडे तरंगत असेल तर बोटाने नव्हे, बारीक तारेने दाबा, नाहीतर बोटाचेही घनफळ धरले जाते. आकडा बराच कमी आला तर पट्टी पुन्हा लावा, आणि कड्याचा काप खरोखर गोल आहे की खालून चपटा, हेही पाहा.