वर्षाच्या मध्येच शाळा बदलताय? मुख्याध्यापकांना मेल असा टाका

बदली झाली की बरेच जण आधी जुन्या शाळेतून दाखला काढून मोकळे होतात, तसं करू नका, नवीन शाळेत जागा आहे का ते आधी विचारा. मेलच्या सब्जेक्टमध्येच लिहा, "इयत्ता ६वी, सेमी-इंग्रजी, दिवाळीनंतर प्रवेश, भेटीची विनंती". आत चार ओळी पुरे, नाशिकहून पुण्याला बदली, आत्ताची शाळा नि बोर्ड, भेटीसाठी दोन सोयीच्या वेळा. बदलीची ऑर्डर, पहिल्या सत्राचं प्रगतीपत्रक, आधार एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि यू-डायस या सरकारी शालेय पोर्टलवरचा मुलाचा पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांकही लिहा, ऑनलाइन ट्रान्सफरला तो लागतोच. आणि हो, आधारवरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळतेय ना ते दाखला निघायच्या आधीच बघा, नंतर दुरुस्तीसाठी फार खेटे घालावे लागतात.