स्वतःची जाहिरात गुगलवर शोधू नका: ती चालते आहे का, हे कसे तपासावे

"जाहिरात जोरात चालली आहे, मी जिथे जातो तिथे तीच दिसते." गुगलवर पहिल्यांदा जाहिरात लावणाऱ्या मालकाकडून मी हे वाक्य बरेचदा ऐकतो. काही दिवसांनी तोच मालक काळजीने विचारतो, "जाहिरात बंद पडली का? सकाळपासून शोधतोय, दिसतच नाही." दोन्ही वेळा त्याची चूक एकच असते. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर काय दिसत असेल, हे तो स्वतःच्या स्क्रीनवरून ठरवत असतो. आणि या जाहिरातीच्या बाबतीत सगळ्यात फसवी स्क्रीन मालकाचीच असते.

आधी पाहा, जाहिरात दिसली कुठे?

गुगलवर काही शोधल्यावर निकालांमध्ये दिसली, की बातम्या वाचताना किंवा व्हिडिओ बघताना? दुसरे असेल तर ती बहुधा रीमार्केटिंगची जाहिरात आहे. तुमच्या वेबसाइटवर येऊन गेलेल्यांची एक यादी तयार होते आणि त्या लोकांना इतर साइट्सवर तुमची जाहिरात पुन्हा दाखवली जाते.

आता विचार करा, तुमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त वेळा कोण जाते? तुम्हीच. दर बदलायला, फोटो चढवायला, कुणाला लिंक पाठवायला. अशा यादीत माणूस साधारणपणे 30 दिवस राहतो आणि पुन्हा साइटवर गेला की ती मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे मालक यादीतून कधी बाहेर पडतच नाही. जाहिरात सगळीकडे पोचल्याचा हा पुरावा नव्हे. गुगलने तुम्हाला तुमचे सर्वात उत्सुक गिऱ्हाईक समजून घेतले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणजे स्वतःला यादीतून काढणे. वेबसाइट करणाऱ्याला सांगा, की आपली माणसे लॉगिन करून आत असतील तेव्हा रीमार्केटिंगचा टॅग चालू नको. ते जमत नसेल तर ज्या पानावर फक्त तुमची माणसे जातात, उदाहरणार्थ लॉगिनचे पान, तिथे जाणाऱ्यांची वेगळी यादी करून ती मोहिमेतून वगळा. मोहिमेच्या सेटिंग्जमध्ये IP exclusions हा पर्यायही आहे. तिथे कार्यालयाच्या इंटरनेटचा पत्ता टाकता येतो, पण मोबाइल डेटाचा पत्ता सतत बदलतो, त्यामुळे फोनसाठी त्यावर विसंबू नका.

मग शोधणे थांबवा

शोधल्याने पैसे कसे जातात? क्लिक केले नाही तर पैसे कापले जात नाहीत, हे खरे आहे. म्हणूनच मालकाला वाटते, नुसते बघितले तर काय बिघडले? एक उदाहरण आकड्यांत पाहू.

समजा, एकजण जुन्या फर्निचरला पॉलिश करून देतो. हे शोधणारे लोक मुळात थोडे. महिन्याभरात खऱ्या गिऱ्हाइकांना जाहिरात 400 वेळा दिसली आणि 24 जणांनी क्लिक केले, म्हणजे 6 टक्के. त्याच महिन्यात मालक, घरचे आणि कामगार यांनी मिळून ती 200 वेळा शोधून पाहिली. आता जाहिरात दिसली 600 वेळा, क्लिक मात्र 24 च. प्रमाण 4 टक्क्यांवर आले. जाहिरातीवर लोक क्लिक करण्याची शक्यता किती, याचा अंदाज गुगल प्रत्येक लिलावात, म्हणजे प्रत्येक शोधाला कुणाची जाहिरात दाखवायची हे ठरवताना, धरते. बघून क्लिक न करणाऱ्यांची गर्दी वाढली, की जाहिरात जितकी दिसायला हवी तितकी दिसत नाही, असा इशारा गुगलच्या मदत पानांवरही आहे. मोठ्या कंपनीच्या लाखो शोधांत अशा 200 ने काही फरक पडत नाही. छोट्या धंद्यात मात्र तो एकूण आकड्याचा तिसरा हिस्सा होतो.

आता त्यातल्या सहा वेळा कुणी "लिंक उघडते का बघू" म्हणून क्लिकही केले, असे धरा. एकूण क्लिक 30 झाले, त्यातले सहा आपलेच. म्हणजे खर्चाचा पाचवा हिस्सा घरातच गेला. 24 खऱ्या क्लिकमधून तीन चौकशा आल्या असतील, तर दर आठ क्लिकला एक चौकशी हा खरा हिशेब. अहवालात मात्र तो दहाला एक असा दिसेल आणि मालक चांगल्या जाहिरातीला वाईट ठरवेल. गुगल काही संशयास्पद क्लिक गाळते, पण आपल्या माणसाचा प्रत्येक क्लिक त्यात पकडला जाईलच असे नाही.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र मालकाच्या पुढच्या निर्णयाने होते. वारंवार शोधून कधीच क्लिक न करणाऱ्याला गुगल ती जाहिरात दाखवणे थांबवू शकते. मालक घाबरतो आणि बोली, म्हणजे एका क्लिकसाठी द्यायची तयारी असलेली रक्कम, वाढवतो. गुगलने जाहिरात थांबवलेली असते फक्त त्याच्यासाठी, पण वाढलेली बोली लागू होते सगळ्या खऱ्या गिऱ्हाइकांच्या क्लिकला. स्वतःला जाहिरात दिसावी म्हणून तो महिनाभर जास्त पैसे मोजत राहतो. हे बघताना मला खरोखर वाईट वाटते, कारण हा माणूस काळजीपोटीच असे वागत असतो.

इन्कॉग्निटो खिडकी उघडून शोधले तरी यातून सुटका नाही. तो शोधही खऱ्या लिलावात जातो आणि जाहिरात दिसल्याची नोंद होतेच.

तपासायचे असेल तर इथे तपासा

गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात Tools मध्ये Ad Preview and Diagnosis आहे. तिथे शोधशब्द लिहा आणि तुमचे गिऱ्हाईक जिथे असते ते ठिकाण, त्याची भाषा, त्याचे उपकरण निवडा. निकालाचे पान कसे दिसेल ते कळते, जाहिरात दिसत नसेल तर कारण कळते, आणि यातले काहीही इम्प्रेशन म्हणून, म्हणजे जाहिरात दिसल्याची नोंद म्हणून, मोजले जात नाही. घरच्यांना आणि कामगारांनाही हेच दाखवा, म्हणजे "मला नाही दिसली" असे सांगायला कुणी पुन्हा गुगलवर शोधणार नाही.

पण हेही एका क्षणाचे चित्र आहे. पूर्ण महिन्याचे उत्तर Search impr. share या रकान्यात मिळते. जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती, त्यापैकी प्रत्यक्षात किती वेळा दिसली, हे तो सांगतो. त्याच्या जोडीला हुकलेल्या संधी दाखवणारे Search lost IS चे दोन रकाने लावा. एक budget चा आणि दुसरा rank चा, म्हणजे लिलावातल्या जाहिरातीच्या क्रमाचा. बजेटमुळे संधी हुकत असतील तर बोली वाढवून उलट नुकसान होईल, कारण तेवढ्याच पैशांत क्लिक आणखी कमी मिळतील. अशा वेळी बजेट वाढवा किंवा निरुपयोगी शोधशब्द काढा. रँकमुळे हुकत असतील तर मात्र आधी जाहिरातीचा मजकूर आणि क्लिकनंतर उघडणारे पान सुधारा. बोलीचा विचार त्यानंतर करा.

चौकशीचा फॉर्म तपासायचा असेल तर ज्या ब्राउझरमधून जाहिरातीवर कधीच क्लिक केलेले नाही, तो वापरा आणि पत्ता थेट टाइप करा. नाहीतर तुमची चाचणी खरी चौकशी म्हणून मोजली जाईल आणि स्वयंचलित बोली तुमच्यासारखीच माणसे शोधू लागेल.

आपल्या पॉलिशवाल्याकडे परत येऊ. दिवसभर काम आवरून तो रात्री दहाला जाहिरात शोधत बसायचा, ती दिसायची नाही, म्हणून बोली वाढवायचा. प्रिव्ह्यूमध्ये पाहिल्यावर कारण समजले: फोन उचलायला माणूस असतो तेवढ्याच वेळेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जाहिरात दिसावी असे वेळापत्रक त्याने स्वतःच लावले होते. त्याने बोली पूर्वीच्या आकड्यावर आणली आणि वेळापत्रक होते तसेच ठेवले.