p = .078 आला की काय लिहायचं?

‘p = .078, म्हणजे उपचाराचा परिणाम नाही’ हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसतं आणि ते चूक असतं. पुरावा अपुरा आहे, एवढंच त्यातून कळतं. वाक्य फरकापासून सुरू करा, p शेवटी ठेवा.

समजा, दोन गटांत प्रत्येकी ४० जण आहेत, चिंतेच्या गुणांत ३ चा फरक आहे आणि प्रमाण विचलन ७.५ आहे. मग असं लिहा:

‘उपचार गटाचे चिंतेचे गुण सरासरी ३ ने कमी होते (95% CI [-0.3, 6.3], d = 0.40, p = .078). फरक सार्थक ठरला नाही. मात्र परिणाम जवळपास शून्य असणं आणि ६ गुणांची घट असणं, दोन्ही शक्यता या माहितीशी जुळतात.’

परिणामाचा आकार d म्हणजे ३ भागिले ७.५. त्याला नुसतं ‘मध्यम’ म्हणून सोडू नका, तेवढी घट रुग्णाला जाणवेल का तेही सांगा. ‘जवळजवळ सार्थक’ तर लिहूच नका, परीक्षक तिथेच अडवतात.

सावधान: CI म्हणजे विश्वास अंतरालाबद्दल ‘खरा फरक या मर्यादांत असण्याची शक्यता ९५ टक्के’ असंही लिहू नये. ९५ टक्के ही पद्धतीची खात्री आहे, या एका अंतरालाची नव्हे.