यूट्यूब स्टुडिओत फिल्टर लावून दावे, वयोमर्यादा आणि निर्बंध असलेले सगळे व्हिडिओ कसे शोधावेत

चॅनेलवर तीन-चारशे व्हिडिओ साठले की कुठल्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आहे आणि कुठल्यावर वयाची अट लागली आहे, हे एकेक उघडून पाहणे अशक्य होते. दावे व्हिडिओ टाकला त्याच दिवशी येतात असेही नाही. हक्कधारकांनी नोंदवलेल्या साहित्याशी व्हिडिओ आपोआप ताडून पाहणारी यूट्यूबची यंत्रणा म्हणजे कंटेंट आयडी. एखाद्या कंपनीने आपले जुने रेकॉर्डिंग तिच्यात आज नोंदवले, तर पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरही आज दावा येऊ शकतो. त्याची सूचना ईमेलने येते आणि ईमेलच्या ढिगात सहज हरवते. म्हणून अधूनमधून स्टुडिओतली यादी गाळून पाहायला हवी.

उदाहरणासाठी एक भजन-कीर्तनाचे चॅनेल घेऊ. या प्रकारात दाव्यांचे जवळपास सगळे नमुने भेटतात. समजा चॅनेलवर चारशेच्या आसपास व्हिडिओ आहेत: हरिपाठ, कीर्तने, मंडळाने स्वतः गायलेले अभंग, गावच्या जत्रेचे चित्रण आणि अलीकडचे बरेच शॉर्ट्स.

हे काम संगणकावर करा, कारण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पुढचे रकाने नीट दिसत नाहीत. ब्राउझरमध्ये studio.youtube.com उघडा आणि डावीकडच्या पट्टीतले Content निवडा. स्टुडिओची भाषा मराठी ठेवली असेल तर नावे मराठीत दिसतील. इथे इंग्रजी पडद्यावरची नावे दिली आहेत. व्हिडिओंची यादी येते, तिच्या वरच्या आडव्या पट्टीवर Filter असे लिहिलेले असते. त्या पट्टीवर क्लिक केले की पर्याय उघडतात. त्यांपैकी आपल्या कामाचे तीन: Copyright, Age restriction आणि Made for kids.

आधी Copyright निवडा. यादी लगेच आक्रसते आणि पट्टीत त्या नावाची छोटी चकती दिसू लागते. चकतीवरच्या फुलीवर क्लिक केले की फिल्टर निघतो. खाली एका पानावर किती ओळी दिसाव्यात हे ठरवता येते. ती संख्या वाढवून ठेवा, नाहीतर पहिल्या पानावर दिसले तेवढेच दावे आहेत असा समज होतो.

फिल्टर फक्त उघड्या टॅबपुरताच चालतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. Videos, Shorts आणि Live हे तीन टॅब वेगळे आहेत. Videos मध्ये काही सापडले नाही म्हणून चॅनेल स्वच्छ आहे असे ठरत नाही. आपल्या उदाहरणातल्या चॅनेलवर एकादशीची कीर्तने थेट प्रक्षेपित होत असतील तर ती Live खाली असतील, आणि मागे गाणे लावलेल्या छोट्या फिती Shorts खाली. तिन्ही टॅबवर तोच फिल्टर लावून पाहावा लागतो. खाजगी आणि अनलिस्टेड व्हिडिओही या यादीत येतात, कारण कंटेंट आयडी त्यांनाही तपासते.

आता समजा Videos टॅबवर तेवीस व्हिडिओ निघाले. आकडा पाहून घाबरून व्हिडिओ डिलीट करायला लागू नका. फिल्टरने एवढेच सांगितले की या तेवीस व्हिडिओंचा कॉपीराइटशी काही संबंध आहे. परिणाम काय झाला, हे Restrictions या रकान्यात कळते. तिथल्या Copyright या शब्दावर माऊस नेऊन थांबा. छोटी खिडकी उघडते आणि परिणाम दिसतो. तिथूनच See details वर क्लिक करून त्या व्हिडिओचे कॉपीराइटचे पान उघडता येते. कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत कोणाचे काय सापडले, ते त्या पानावर असते.

तेवीस व्हिडिओंचे परिणामांनुसार गट करा. बहुतेक दाव्यांत व्हिडिओ सगळीकडे दिसत राहतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात. मंडळाला पैशांची अपेक्षाच नसेल तर अशा व्हिडिओला हात नाही लावला तरी चालते. कंटेंट आयडीचा दावा म्हणजे स्ट्राइक, अर्थात चॅनेलवर नोंदवला जाणारा इशारा, नव्हे. नुसत्या दाव्याने चॅनेलच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. दुसरा गट काही देशांत बंद झालेल्या व्हिडिओंचा, आणि तो सर्वांत फसवा. हक्कधारक देशागणिक वेगळे धोरण ठेवू शकतो, त्यामुळे व्हिडिओ भारतात व्यवस्थित चालतो आणि अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या श्रोत्याला मात्र उघडत नाही. पुण्यात बसून आपण तपासले तर काहीच बिघडलेले दिसत नाही. परदेशातले मराठी श्रोते ‘व्हिडिओ लागत नाही’ असे कळवत असतील तर आधी हा रकाना पाहा. तिसरा गट सगळीकडे बंद झालेल्या व्हिडिओंचा. त्यांच्यापासून कामाला सुरुवात करा.

हक्कधारकाने रीतसर मागणी करून काढायला लावलेला व्हिडिओ वेगळा समजावा. त्यावर कॉपीराइट स्ट्राइक येतो आणि तो स्टुडिओच्या पहिल्या पानावर, Dashboard वर, दिसतो. स्ट्राइक 90 दिवस राहतो, तसे तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकते. असा व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही.

आता तीन व्हिडिओ तपशिलाने पाहू. पहिला हरिपाठाचा. सुरुवातीच्या चाळीस सेकंदांत मंडपातल्या स्पीकरवर चित्रपटातले गाणे वाजते आहे आणि दावा नेमका तेवढ्यावरच आहे. इथे वाद घालण्यासारखे काही नाही. कॉपीराइटच्या पानावर दाव्यासमोरच्या कृतींमधून तेवढा भाग कापता येतो, गाण्याचा आवाज बंद करता येतो किंवा गाणे बदलता येते. हरिपाठाला अजून सुरुवात झालेली नसेल तर कापणे सर्वांत बरे. बदल जतन झाल्यावर व्हिडिओवर प्रक्रिया व्हायला वेळ लागतो. ती पूर्ण झाली की दावा आपोआप निघतो. तोपर्यंत तो यादीत दिसत राहील, म्हणून तासाभराने पाहून निराश होऊ नका.

दुसरा व्हिडिओ मंडळाने स्वतः गायलेल्या अभंगाचा. इथे गैरसमज फार होतो. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले आहेत, त्यांवर कोणाचा हक्क नाही, मग दावा कसा आला? दावा शब्दांवर नसून चालीवर असू शकतो. विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेली चाल कॉपीराइटखाली असू शकते. भारतात अशा रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हा वेगळा. म्हणून कॉपीराइटच्या पानावर दावा ध्वनिमुद्रणावर आहे की चालीवर, हे आधी वाचा. गायक-वादक सगळे तुमचे असताना दावा एखाद्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणावर असेल तर तो चुकीचा असण्याची शक्यता मोठी. दावा चालीवर असेल आणि चाल खरोखर त्या संगीतकाराची असेल, तर तो बरोबर आहे. चाल वारकरी परंपरेतली असेल, तर आक्षेप घ्यायला आधार आहे.

तिसरा व्हिडिओ परवाना घेऊन वापरलेल्या तानपुऱ्याच्या ध्वनीचा. तोच ध्वनी दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून ते गाणे कंटेंट आयडीत नोंदवले की तुमच्यावर दावा येतो. इथे Dispute निवडा आणि परवाना कुठून, कोणत्या अटींवर घेतला हे नेमक्या शब्दांत लिहा. दावेदाराला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. त्याने उत्तर दिले नाही तर दावा निघतो. जाहिरातीचे उत्पन्न घेणाऱ्यांनी दावा आल्यापासून 5 दिवसांच्या आत आक्षेप नोंदवावा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात. आधार नसताना मात्र आक्षेप घेऊ नका, कारण वाद पुढे गेला तर तो व्हिडिओ काढून टाकण्यापर्यंत आणि स्ट्राइकपर्यंत जाऊ शकतो.

आता Copyright ची चकती काढून Age restriction लावा. चकती आधी काढणे महत्त्वाचे. दोन फिल्टर एकत्र लावले तर दोन्ही अटी पूर्ण करणारेच व्हिडिओ दिसतात, आणि यादी रिकामी आली की वयोमर्यादा कुठेच नाही असे वाटते. स्टुडिओने पर्यायांवर खूण करायला सांगितले तर ती करून Apply दाबा.

भजनाच्या चॅनेलवर वयोमर्यादा कशाला लागेल असे वाटेल, पण जत्रेच्या चित्रणात बळी देतानाचे दृश्य असेल तर लागू शकते. असा व्हिडिओ लॉगिन न केलेल्या किंवा 18 वर्षांखालच्या प्रेक्षकाला दिसत नाही, त्यावर जाहिराती कमी येतात किंवा येतच नाहीत, आणि दुसऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर तो चालत नाही. पुन्हा Restrictions रकान्यावर माऊस न्या आणि मर्यादा तुम्ही लावली आहे की यूट्यूबने, ते पाहा. अपलोड करताना चुकून तुम्हीच निवडली असेल तर व्हिडिओच्या तपशिलात जाऊन ती काढता येते. यूट्यूबने लावली असेल तर त्याच खिडकीतून अपील करता येते, पण एकदाच. म्हणून आधी व्हिडिओ पूर्ण पाहा, शीर्षक आणि थंबनेलही तपासा, आणि निर्णय खरोखर चुकीचा वाटला तरच अपील करा.

Made for kids हा फिल्टर अनेकजण सोडून देतात, पण बालवारकऱ्यांचे व्हिडिओ असलेल्या चॅनेलने तो जरूर लावावा. व्हिडिओत मुले गातात म्हणून अपलोड करणारा सहज ‘मुलांसाठी’ असे निवडतो, आणि मग टिप्पण्या बंद का, असा प्रश्न पडतो. मुले दिसतात म्हणून व्हिडिओ मुलांसाठी ठरत नाही. तो मुख्यतः कोणासाठी बनवला आहे हे पाहायचे असते. मोठ्या श्रोत्यांसाठी असलेली हरिपाठाची चित्रणे चुकून या यादीत आली असतील, तर डावीकडच्या चौकटींवर खुणा करून Edit मधून Audience एकदम बदलता येते. खरोखर मुलांसाठी बनवलेल्या व्हिडिओची निवड बदलू नका. ती अट अमेरिकेतल्या बालकांच्या खाजगीपणाच्या कायद्यातून आली आहे आणि यूट्यूब स्वतःहूनही ती लावू शकते.

यादी फार मोठी असेल तर दोन सोयी उपयोगी पडतात. Views रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की जास्त पाहिलेले व्हिडिओ वर येतात. सगळीकडे बंद झालेल्या व्हिडिओंनंतर त्यांच्याकडे वळा. आणि Copyright लावलेला असतानाच त्याच पट्टीत Title निवडून ‘हरिपाठ’ लिहिले, तर दावा असलेले फक्त हरिपाठाचे व्हिडिओ उरतात. एकच ध्वनिफीत अनेक भागांच्या सुरुवातीला वापरली असेल तर ते असे पटकन सापडतात.

फिल्टर लावल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात तो नोंदला जातो. तिन्ही टॅबवर Copyright लावून ती तीन पाने बुकमार्क करून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात एका क्लिकमध्ये तीच यादी उघडेल.