नेट बंद? आधी मोडेमचे दिवे बघा

फायबरचं नेट गेलं की मोडेम बंद-चालू करण्याआधी दिवे या क्रमाने बघा.

१. LOS लाल लुकलुकतोय: प्रकाशच पोचत नाहीये. मागची बारीक पिवळी वायर कपाटामागे दुमडली आहे का, पिन सैल आहे का बघा. तसं नसेल तर वायर बाहेर कुठेतरी तुटलेली. थेट तक्रार करा.

२. LOS बंद, पण PON लुकलुकतच राहतोय: मोडेमची कंपनीकडे नोंदणी होत नाहीये. हेही त्यांचंच काम.

३. PON स्थिर, INTERNET बंद किंवा लाल: लाइन ठीक, लॉगिन अडलंय. बहुतेकदा प्लॅन संपलेला असतो!

रिसेटचं बारीक भोक दाबू नका, लॉगिन पुसलं जातं. काढलेल्या पिनेच्या टोकात डोकावू नका. तो लेझर दिसत नाही.