या चुका टाळा: समीकरणावरून पॅराबोलाचा फोकस काढताना

y = 2x² − 8x + 11 या पॅराबोलाचा फोकस विचारला, की बरेच जण शिरोबिंदूपर्यंत नीट येतात आणि पुढे घसरतात. वर्ग पूर्ण केला की y = 2(x − 2)² + 3, म्हणून शिरोबिंदू (2, 3). (कंसातला 4 बाहेर येताना 2 ने गुणायचा राहिला, तर 3 ऐवजी 7 येतो. मूळ समीकरणात x = 2 घालून बघा, लगेच कळतं.)

खरी चूक पुढची. x² चा सहगुणक 2 आहे म्हणून फोकस 2 एकक वर, असं धरलं जातं. नातं उलटं आहे: सहगुणक a असेल तर शिरोबिंदूपासून फोकसचं अंतर p = 1/(4a). a मोठा, तर पॅराबोला अरुंद आणि फोकस तळाजवळ. इथे p = 1/8, म्हणून फोकस (2, 3.125) आणि डायरेक्ट्रिक्स y = 2.875. a ऋण असला तर p चं ऋण चिन्ह तसंच ठेवा. फोकस आपोआप शिरोबिंदूच्या खाली जातो.

उत्तर तपासायला शिरोबिंदू सोडून वक्रावरचा एक बिंदू पुरतो, कारण वक्रावरचा प्रत्येक बिंदू फोकसपासून आणि डायरेक्ट्रिक्सपासून सारख्याच अंतरावर असतो. (3, 5) घ्या. डायरेक्ट्रिक्सपासून अंतर 2.125, फोकसपासून √(1 + 1.875²), तेही 2.125. जुळलं नाही, तर p चुकला.

ही समान अंतरंच पॅराबोलाच्या आकाराच्या अँटेना डिशचं काम करतात. समोरून अक्षाला समांतर येणारी लहर डिश नसती तर सरळ डायरेक्ट्रिक्सपर्यंत गेली असती, आणि तेवढा प्रवास लहरीच्या प्रत्येक भागाला सारखाच. डिशपासून डायरेक्ट्रिक्सपर्यंतचा तुकडा आणि डिशपासून फोकसपर्यंतचा तुकडा समान असल्यामुळे परावर्तित लहरीही फोकसला एकाच वेळी पोचतात. नुसत्या एका बिंदूत येऊन भागत नाही. मागेपुढे आल्या तर त्या एकमेकींना खोडतील.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश 45 मीटर व्यासाच्या आहेत आणि फोकसचं अंतर 18.54 मीटर. म्हणजे y = x²/74.16. इथे 74.16 हा 4p आहे. त्यालाच p समजलात, तर रिसीव्हर चौपट उंच टांगावा लागेल. काठाशी x = 22.5 घातलं की डिशची खोली साधारण 6.8 मीटर येते.

घरच्या डीटीएच डिशला मात्र हे गणित थेट लावू नका. तिचा सिग्नल पकडणारा एलएनबी मधोमध नसतो, खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो, कारण ती डिश मोठ्या पॅराबोलाचा एका बाजूचा कापलेला तुकडा आहे. शिरोबिंदू तिच्या खालच्या काठाच्या आसपास येतो. व्यास आणि खोली मोजून f = D²/(16d) वापरलं, तर फोकस चुकीचा निघेल. डिश उपग्रहाकडे तोंड करून दिसत नाही म्हणून ती वर वाकवली, तर चालू असलेला सिग्नलही जाईल.